दिया, लिया, गया

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला, पडद्याआड, एक अरुंद खोली होती. त्या खोलीत ते दिवसभर काचा घासत बसायचे. पुढे काउंटरवर मालकाची मुलगी गिऱ्हाइकांशी गोड बोलायची, फ्रेम दाखवायची, आरसा पुढे करायची. मग फ्रेम आणि काचा पडद्याच्या फटीतून आत यायच्या. दुकानात सगळे त्यांना भिंगवाले म्हणत. खरं नाव मालकालाही पगाराच्या दिवशीच आठवायचं.

काम असं की बोलण्याची गरज नाही. काचेची कड चाकावर धरायची, पाण्याची बारीक धार चालू ठेवायची, मधूनमधून काच फ्रेमला लावून बघायची. किंचित जास्त घासली गेली की काच सैल बसते, आणि घासलेलं काही परत येत नाही. भिंगवाल्यांच्या हातून अशी चूक सहसा होत नसे. बोलण्यात मात्र ते कच्चे. घरात बोलायचं खातं बायकोकडे होतं.

त्यांना एकच मुलगा. तो नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला आणि तिथल्याच एका हिंदी बोलणाऱ्या मुलीशी लग्न करून बदली घेऊन घरी परतला. सून आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. पण मुलगी मोठी जिद्दीची. सासूच्या मागे मागे फिरून ती वर्षभरात मराठी बोलायला लागली. चुकायची, सासू हसायची, तीही हसायची. त्यामुळे भिंगवाल्यांवर हिंदी शिकायची वेळच आली नाही. नातू झाला तोही दोन्ही भाषांत वाढला. आईशी हिंदी, बाकी घराशी मराठी. आजोबांच्या मांडीवर बसून तो चष्म्याच्या काचा ओळखायचा. "ही लांबची, ही जवळची," असं म्हणायचा आणि बरोबर सांगायचा.

नातू पाच वर्षांचा असताना मुलगा गेला. ताप आला, तो मेंदूपर्यंत पोचला, आणि दवाखान्यातून माणूस परत आलाच नाही. सून आणखी काही महिने सासरी राहिली. पण त्या घरात तिला श्वास घेववेना, हे दोघा म्हाताऱ्यांना दिसत होतं. शेवटी आजींनीच तिला सांगितलं, "पोरी, आईकडे जा. इथे तू आमच्याकडे बघून रडतेस आणि आम्ही तुझ्याकडे बघून." ती गेली. तिकडे नोकरीला लागली.

दीड-दोन वर्षांनी तिचा फोन आला. मराठीत सुरुवात केली, मध्येच अडली आणि हिंदीवर आली.

"बाबा, मैं शादी कर लूँ?"

भिंगवाल्यांना वाक्य कळलं. उत्तर कसं द्यायचं ते कळेना. तिचेच शब्द उचलून ते म्हणाले, "कर ले, बेटा." मग फोन बायकोच्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

लग्नानंतर ती एकदा येऊन गेली. नवऱ्याबरोबर कुठेतरी निघाली होती, वाटेत दुपारचे काही तास इकडे थांबली. नवरा भला माणूस होता. आल्या आल्या वाकून म्हणाला, "नमस्ते अंकल," आणि मग कुठे बसावं ते न कळून दाराजवळच्या खुर्चीत टेकला. ती खुर्ची मुलाची होती, पण हे त्याला कोण सांगणार? आजी आणि सून स्वयंपाकघरात गेल्या. बाहेर तिघं उरले: दोन पुरुष आणि सात वर्षांचा नातू.

नातवाला मराठी समजायचं, पण बोलताना आता तो चाचपडायचा. भिंगवाल्यांना वाटलं, आपणच थोडं हिंदीत बोलावं. त्यांनी कपाटातून एक भिंग काढलं. पितळी कडीचं, हाताच्या मुठीत मावेल एवढं. मुलगा लहान असताना त्यांनी ते स्वतःच्या हाताने घासून केलं होतं. ते नातवाच्या हातात ठेवून ते म्हणाले,

"ये तेरे पापा का है. तेरे पास रख दे."

पोराने भिंग उलटसुलट करून पाहिलं. मग आजोबांकडे पाहिलं. आणि शेजारच्या स्टुलावर, अगदी हळूच, ठेवून दिलं.

भिंगवाल्यांना वाटलं, जाताना घेईल. चहा झाला, निरोप झाले, रिक्षा आली. सगळे गेल्यावर आजी कपबशा उचलायला आल्या तेव्हा भिंग स्टुलावरच होतं.

"अहो, हे राहिलं की!"

"राहिलं नाही. त्याने ठेवलं," भिंगवाले म्हणाले. "नको असेल."

"पोरगं सात वर्षांचं आहे. विसरलं असेल."

"माझ्यासमोर ठेवलं. माझ्या तोंडाकडे बघून ठेवलं."

आजींनी भिंग पदराने पुसलं. ते परत कपाटात गेलं. त्याबद्दल त्यांनी सुनेला कधी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून भिंगवाल्यांच्या मनात एक गाठ बसली: पोराला शिकवून आणलं होतं, जुन्या घरातलं काही घ्यायचं नाही म्हणून. नव्या माणसाला आवडत नसेल. सून बिचारी काय बोलणार. किंवा तीच बोलली असेल. गाठ एकदा बसली की तिला कारणं आपोआप सापडत जातात.

फोन मात्र चालू होते. दर आठवड्याला आजी नातवाशी बोलायच्या, मग भिंगवाले. आधी पोरगं मराठी बोलायचं, मग अर्धं मराठी, अर्धं हिंदी. मग प्रश्न मराठीत आणि उत्तर हिंदीत, असं झालं. आणि एक दिवस आजींनी विचारलं, "काय रे, खोकला कमी झाला का तुझा?" तर पलीकडून आवाज आला, "आजी, मुझे समझ नहीं आया."

आजींनी फोन नवऱ्याकडे दिला. "बघा बरं, काय म्हणतोय."

"कळलं नाही म्हणतोय."

"काय कळलं नाही? खोकला?"

"मराठी," भिंगवाले म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांनी हिंदीच्या वर्गात नाव घातलं. दुकानाच्या रस्त्यावर एक जुनं वाचनालय होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी वर्ग भरायचा. अनुवादकाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली, एक नर्स, एक विमा कंपनीतला कारकून, आणि शेवटच्या बाकावर हे. आजी म्हणाल्या, "या वयात पाटी-दप्तर घेऊन निघालात?" पण रोज निघताना चष्मा पुसून त्याच हातात द्यायच्या.

शिकवायला एक बाई होत्या. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. त्यांची पद्धत एकच: मराठी वाक्य द्यायचं, हिंदी करून घ्यायचं, आणि चुकलं की सगळ्यांसमोर चूक सोलायची. "हिंदी आपल्याला येते, हा आपला सगळ्यात मोठा रोग," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "रिक्षावाल्याशी भांडता येतं म्हणजे भाषा येते असं नाही." भिंगवाल्यांना तर भांडताही येत नव्हतं. त्यामुळे ते निमूटपणे पहिल्यापासून शिकले. दही पुल्लिंगी, आवाज स्त्रीलिंगी, ‘ने’ कुठे लागतो, कुठे नाही. बाई त्यांना काका म्हणायच्या आणि त्यांच्या वहीवर लाल पेन जरा हलक्या हाताने चालवायच्या.

मग तो धडा आला.

बाईंनी फळ्यावर तीन शब्द लिहिले: जाना, लेना, देना. आणि वर मोठ्या अक्षरात ‘रंजक क्रिया’.

"रंजक म्हणजे रंग देणारी," त्या म्हणाल्या. "अर्थ पहिल्या क्रियापदाचा. मागचं क्रियापद आपला स्वतःचा अर्थ सोडतं आणि पहिल्याला फक्त रंग चढवतं. ‘गिलास टूट गया.’ ग्लास फुटला. आता तो ग्लास कुठे चालत गेला का? नाही. ‘गया’ एवढंच सांगतो की गोष्ट होऊन चुकली, आणि मुद्दाम कोणी केली असं वाक्यात नाही. दूध फट गया. बच्चा सो गया. आपलं आपण घडलं."

"पण कोणीतरी फोडलाच असेल ना?" विम्याचा कारकून म्हणाला.

"असेल. मग म्हणा, ‘उसने गिलास तोड़ दिया.’ करणारा आला, क्रियापद बदललं, मागे ‘दिया’ आलं आणि ‘ने’ पण आला. ‘गया’ असताना ‘ने’ येत नाही, हे पक्कं ठेवा. आता लेना आणि देना. पत्र आलंय. ‘मैंने पढ़ लिया.’ मी वाचलं, माझ्यासाठी, मला कळलं. ‘मैंने पढ़ दिया.’ मी दुसऱ्याला वाचून दाखवलं. वाचणं तेच. लेना असेल तर फळ करणाऱ्याकडे येतं, देना असेल तर करणाऱ्याकडून बाहेर जातं."

भिंगवाले मन लावून लिहीत होते. लिहिताना हात थोडा थांबला. ‘कर लूँ?’ असं सुनेने विचारलं होतं. स्वतःसाठी काहीतरी मागत होती पोरगी, आणि किती भीत भीत. आणि आपण न कळता का होईना, ‘ले’ असंच उत्तर दिलं होतं. त्यांना जरा बरं वाटलं.

"नुसतं लिहून काही होणार नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचं डस्टर उचललं आणि सरळ शेवटच्या बाकापाशी येऊन भिंगवाल्यांच्या हातात दिलं. "काका, यह रख दीजिए."

भिंगवाल्यांनी डस्टर घेतलं. इकडेतिकडे पाहिलं आणि आपली पिशवी उघडून आत टाकलं.

वर्ग खदखदून हसला. बाईही हसल्या. "अहो काका, डस्टर घरी नेताय? रख दीजिए म्हणजे हातातून खाली ठेवा. बाकावर, टेबलावर, कुठेही. तुमच्याकडेच राहू द्या असं म्हणायचं असतं तर मी म्हणाले असते, रख लीजिए. चूक तुमची नाही, मराठीची आहे. आपण दोन्हीला ‘ठेवून दे’ म्हणतो. डबा ओट्यावर ठेवून दे, आणि हे तुझ्याकडेच ठेवून दे. हिंदीत तसं चालत नाही. रख दो, म्हणजे सोडा. रख लो, म्हणजे तुमचं झालं."

भिंगवाल्यांनी डस्टर पिशवीतून काढून बाकावर ठेवलं. मग परत उचललं, परत ठेवलं. शेजारच्या नर्सच्या ते लक्षात आलं. "काका, पाणी देऊ?" तिने हळूच विचारलं. त्यांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून ते तिला कळलं नाही.

घरी येऊन त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"अगं, पोराने भिंग टाकलं नव्हतं."

आजी भाजी निवडत होत्या. "कोणतं भिंग?" असं म्हणायला तोंड उघडलं आणि नवऱ्याचा चेहरा पाहून तसंच मिटलं.

"मी त्याला ‘रख दे’ म्हणालो. ठेवून दे, तुझ्याकडे, असं मला म्हणायचं होतं. हिंदीत त्याचा अर्थ होतो, खाली ठेव. बाजूला ठेव. ‘तेरे पास’ म्हणालो ना, म्हणून त्याने आपल्या बाजूच्या स्टुलावर ठेवलं."

आजी बराच वेळ शेंगेची शीर सोलत राहिल्या.

"म्हणजे त्याने तुमचं ऐकलं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुम्ही सांगितलं तस्संच केलं लेकराने. आणि आपण…"

त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मग एकदम उठल्या. "फोन लावा. आत्ता लावा."

"आत्ता नको. आधी वाक्य नीट तयार करतो."

दोन दिवस ते वाक्य तयार करत होते. दुकानात चाकासमोर बसून पुटपुटायचे. मालकाची मुलगी पडद्यातून डोकावून म्हणाली, "भिंगवाले, कोणाशी बोलताय?" ते म्हणाले, "अभ्यास." वाक्य बाईंना दाखवावं असं एकदा मनात आलं, पण ते दाखवायचं म्हणजे सगळंच सांगायला लागलं असतं.

रविवारी फोन लावला. आजी कानाला कान लावून शेजारी बसल्या. नातवानेच उचलला.

"बेटा, तू हमारे घर आया था ना, उस दिन मैंने गलत बोल दिया," भिंगवाले एकेक शब्द मोजून टाकत म्हणाले. "वो लेंस, पीतल वाला, वो तेरे लिए था. मुझे कहना था, रख ले."

"कौन-सा लेंस?"

"तेरे पापा का."

पोरगं म्हणालं, "पापा का? पापा तो बाज़ार गए हैं. बुला… नहीं, शाम को पूछ लूँ?"

भिंगवाल्यांच्या तयार वाक्यांत याचं उत्तर नव्हतं.

"नहीं बेटा," ते म्हणाले. "तू छोटा था तब… यहाँ स्टूल पर… तुझे याद है?"

"नहीं आजोबा. मैं भूल गया." आवाजात कसलाही सल नव्हता. दप्तर आणायचं विसरलो, असं सांगावं तसं.

मग सून फोनवर आली. तिने मागून ऐकलं असावं. भिंगवाल्यांनी तिला सगळं सांगितलं, मोडकं आणि सावकाश. तीही मराठीत काही बोलायला गेली. तिचंही मराठी आता गंजलं होतं. दोघंही अर्ध्या वाटेवर अडकून थांबायची.

"बाबा, मुझे तो पता ही नहीं था," ती म्हणाली. "आपने इतने दिन…"

"मैं भेज देता हूँ. पार्सल से."

तिच्यामागे भांडी घासल्याचा आवाज येत होता, कोणीतरी टीव्ही लावला होता.

"आप ही रख लीजिए, बाबा," ती हळू म्हणाली. "यहाँ खो जाएगा."

भिंगवाल्यांना शब्द न् शब्द कळला. इतकं स्वच्छ हिंदी त्यांना आयुष्यात कधी कळलं नव्हतं. रख लीजिए. तुमच्याकडे राहू द्या, तुमचं असू द्या. खो जाएगा. मुद्दाम कोणी हरवणार नाही, आपलं आपण हरवेल. तिच्या आवाजात माया होती, तिने काही नाकारलं नव्हतं, कुणाला दोष दिला नव्हता. तरी वाक्यात कुठे बोट शिरायला जागा नव्हती.

"ठीक है, बेटा," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर आजींनी विचारलं, "काय म्हणाली?"

"आपल्याकडेच ठेवून घ्या म्हणाली."

"ठेवून द्या म्हणाली की ठेवून घ्या?"

"घ्या."

आजींनी पदर सावरला. "आणि पोरगं?"

"पोरगं म्हणालं, विसरलो."

"असं कसं विसरलं? एवढा मांडीवर बसायचा तुमच्या. तिकडे कोणी आपलं नावच काढत नसेल. विसरायला लावलं असेल." आजींचा आवाज चढला. "मराठीसुद्धा मुद्दामच सोडवली असेल त्याची. नाहीतर असं तोंडातून जातं का सगळं?"

भिंगवाल्यांनाही तसंच वाटत होतं. मनातली गाठ सुटली होती, पण तिच्या जागी काहीतरी हवं होतं. निदान रागवायला कोणीतरी हवं होतं.

त्या आठवड्याचा गृहपाठ होता: जाना, लेना, देना वापरून स्वतःची पाच वाक्यं मराठीत लिहा आणि त्यांचा हिंदी अनुवाद करा. बाई वह्या बाकाबाकावर येऊन तपासत. भिंगवाल्यांचं शेवटचं वाक्य होतं, ‘नातू मराठी विसरला.’ खाली अनुवाद: ‘पोते ने मराठी भुला दी.’

बाईंनी लाल पेन टेकवलं. "व्याकरणाने बरोबर आहे, काका. ‘ने’ पण बरोबर, ‘दी’ पण बरोबर. पण तुमचं मराठी वाक्य हे म्हणत नाही. ‘भुला दी’ म्हणजे त्याने मनातून काढून टाकली. ठरवून, किंवा किंमत न ठेवता. नुसतं ‘विसरला’ असेल तर, ‘पोता मराठी भूल गया.’"

"तेच लिहायचं होतं मला," भिंगवाले म्हणाले. "काढून टाकली. नाहीतर कोणीतरी टाकायला लावली."

"कोणीतरी लावली असेल तर आणखी वेगळं वाक्य होईल. ‘भुलवा दी’ असं काहीसं. पण त्याला कर्ता लागेल. कोणी लावली?"

भिंगवाल्यांनी वर पाहिलं. बाईंनी सवयीने विचारलं होतं, जसा त्या प्रत्येक वाक्याचा कर्ता विचारायच्या. पण आता त्यांच्या लक्षात आलं की समोर वाक्य नाही, माणूस बसलाय.

"किती वर्षांचा आहे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"नऊ. पाच वर्षांचा असताना गेला इथून. माझा मुलगा वारला, त्यानंतर. आईची भाषा हिंदी. शाळा हिंदी. आता वडीलही…" ते थांबले. "तिकडे मराठी बोलणारं कोणी नाही."

बाई बाकाच्या कडेला टेकल्या. वर्गात बाकीची मंडळी आपापसात कुजबुजत होती.

"आणि तो काय म्हणाला? त्याचे शब्द?"

"मैं भूल गया."

"मग तो बरोबर बोलला, काका," बाई म्हणाल्या. "त्यात कोणी नाही."

"कोणीतरी असेल ना, बाई?"

एरवी बाईंकडे प्रत्येक गोष्टीला नियम असायचा. त्यांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. "वाक्यात नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

भिंगवाल्यांनी ‘भुला दी’वर एक आडवी रेघ मारली आणि वर स्वच्छ अक्षरात ‘भूल गया’ लिहिलं. ‘ने’ खोडला. ‘पोते’चं ‘पोता’ केलं. मग म्हणाले, "आणखी एक विचारू? ‘तो विसरून तर जाणार नाही ना’, अशी भीती वाटते. ते कसं म्हणायचं?"

"कहीं वह भूल न जाए." बाई जरा उत्साहाने सांगायला लागल्या, कारण हा प्रश्न त्यांच्या आवडीचा होता. "बघा, साध्या नकारात रंजक क्रिया बहुतेक गळून पडते. ‘मैंने खा लिया’, पण ‘मैंने नहीं खाया’. खा नहीं लिया असं कोणी म्हणत नाही. पण भीती असली की ती टिकते. कहीं गिर न जाए. कहीं भूल न जाए. अजून घडलेलं नाही, पण घडेल असं वाटतंय, तेव्हा."

"घडून गेलं असेल तर?"

"मग हे वाक्य वापरत नाहीत," बाई म्हणाल्या, आणि बोलल्यावर त्यांना वाटलं आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं.

घरी भिंगवाल्यांनी बायकोला वही दाखवली. आजींना हिंदी वाचता येत होतं, कारण अक्षरं तीच. त्यांनी खोडलेलं वाचलं, वरचं वाचलं.

"फरक काय?"

"खालच्यात तो दोषी आहे. वरच्यात कोणीच नाही."

"आणि तुमच्या बाई म्हणतात वरचं बरोबर?"

"तो स्वतः तसं म्हणाला."

आजींनी वही मिटली. "मग आता भांडायचं कोणाशी?" त्यांनी विचारलं. खरंच उत्तर हवं असल्यासारखं विचारलं. भिंगवाले त्यांच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने आजी उठून कुकर लावायला गेल्या.

वर्ग पुढे चालू राहिला. कारकुनाने मध्येच सोडला. नर्सला परगावी नोकरी लागली. भिंगवाले टिकले. परीक्षा झाली. निकाल वाचनालयाच्या जिन्यात लागला, त्यात ते दुसऱ्या श्रेणीत पास होते. दुकानात मालकाच्या मुलीने सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाली, "आता काउंटरवर या, हिंदी गिऱ्हाईक तुम्ही सांभाळा." ते हसले आणि पडद्याआड गेले.

त्यांचं हिंदी खरोखरच सुधारलं. नातवाला ते आता शाळेबद्दल विचारत, मित्रांबद्दल विचारत, आणि त्याची उत्तरं त्यांना पूर्ण कळत. पण हळूहळू एक गोष्ट त्यांच्या ध्यानात यायला लागली. पूर्वी मोडक्या हिंदीत बोलायचे तेव्हा पोरगं हसायचं, चुका काढायचं, "आजोबा, ऐसे नहीं बोलते," म्हणून शिकवायचं. आता चुका नव्हत्या. मग बोलणं लवकर संपायचं. एकदा तो म्हणाला, "आजोबा, आपकी हिंदी बहुत अच्छी हो गई है." अगदी नम्रपणे, पाहुण्याशी बोलावं तसं. पूर्वी तो त्यांना ‘तू’ म्हणायचा. मराठीत आजोबांना ‘तू’ म्हणायची या घराची रीत होती. हिंदीत त्याला कोणीतरी ‘आप’ म्हणायला शिकवलं होतं, आणि ते चांगलंच शिकवलं होतं.

आजी मात्र बदलल्या नाहीत. फोन हातात आला की त्या मराठीतच बोलायच्या. "जेवलास का? स्वेटर घातलास का?" पलीकडून "हाँ आजी, हाँ आजी" यायचं. त्याला काय कळायचं, काय नाही, देव जाणे. भिंगवाले अनुवाद करायला पुढे सरकायचे तर आजी हाताने त्यांना थांबवायच्या.

फोन आठवड्याचे पंधरवड्यावर गेले. कधी पोराची शिकवणी असायची, कधी सामना. सून दर वेळी माफी मागायची आणि भिंगवाले दर वेळी "कोई बात नहीं" म्हणायचे, शुद्ध उच्चारात.

एका रविवारी बोलणं चालू असताना खालून कोणीतरी त्याला हाक मारली. पोरगं घाईने म्हणालं, "आजोबा, मैं जाऊँ?"

भिंगवाल्यांना त्याला सांगायचं होतं, ‘भूल मत जाना.’ वाक्य अगदी तयार होतं, व्याकरण बरोबर होतं. पण नऊ-दहा वर्षांच्या पोराने त्याचं काय करायचं?

"हाँ, जा," ते म्हणाले.

फोन बंद झाला. आजींनी विचारलं, "काय म्हणाला?"

"खेळायला गेला."

"जाऊ दे," आजी म्हणाल्या, आणि वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेल्या. भिंगवाले थोडा वेळ फोन हातात धरून बसले, मग तेही त्यांच्या मागोमाग गेले आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.